रिकामी वाटी परत देत नाहीत

कऱ्हाडची आक्का, म्हणजे आजीची थोरली बहीण, रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवते. कधी दव पडलेला गुलाब, कधी वाफाळता चहा, कधी विठोबा. खाली ठसठशीत 'शुभ सकाळ'. आजी ते डोळे भरून बघायची आणि फोन फळीवर ठेवून द्यायची. दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा तिने मनातली खंत बोलून दाखवली. "ती रोज वाटी भरून पाठवते रे, आणि मी आपली गिळून गप्प. रिकामी वाटी परत देतात का कुणी?"

"सोप्पं आहे गं," मी म्हणालो. तिथेच चुकलो.

चित्र पुढे पाठवायचं तर आधी त्यावर बोट टेकवून क्षणभर थांबायचं, मग वर दिसणारा बाण दाबायचा. पण आजीने चित्रावर बोट ठेवलं की काहीच व्हायचं नाही, नाहीतर पडदा सरकून परवाचा गणपती समोर यायचा. मग ती मिक्सरचं बटण दाबावं तशी आणखी जोरात दाबायची.

घोळ त्या जोरातच होता. फोनच्या काचेखाली विजेच्या अगदी सूक्ष्म भाराची जाळी असते. आपल्या कातडीत ओलावा असल्यामुळे बोट टेकलं की तिथला भार किंचित बदलतो. बोट कुठे टेकलं, किती वेळ टेकलं आणि किती सरकलं, एवढंच फोन बघतो. जोराशी त्याला देणंघेणं नाही. उलट जोर लावला की बोटाचं टोक पसरतं, जरासं घसरतं, आणि फोनला वाटतं, बाईंना पडदा सरकवायचाय. त्यात जन्मभर भांडी घासून आणि भांगलण करून आजीची बोटं कोरडी, भेगाळलेली. कोरड्या बोटाची दखल काच कमी घेते.

मी तिला बोटांना किंचित खोबरेल चोळून पदराला पुसायला लावलं. "कपाळाला कुंकू टेकवतेस ना, तसं टेकव," म्हटलं. हे तिला लगेच कळलं. आता उलटी अडचण आली: ती बोट इतक्या सावकाश उचलायची, की नुसतं टेकवलं तरी फोन ते दाबून धरल्यासारखं समजायचा. त्यावर उपाय फोनमध्येच असतो. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' आहे. तो मी 'लाँग' केला. सावकाश बोटाला सवड मिळाली.

आता आक्काचाच गुलाब पुढे धाडायचा, एवढंच उरलं होतं. आजी थबकली. "तिचेच पोहे तिच्याच वाटीत?" शिवाय पुढे ढकललेल्या चित्रावर 'फॉरवर्डेड' अशी बारीक खूण उमटते, हे मी सांगितल्यावर तर विषयच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात गेली आणि तिने जास्वंदीचा फोटो काढला. पहिल्यात निम्मं तिचं बोट आलं, दुसरा साधला.

आणि तो गेला बचत गटाच्या ग्रुपवर.

व्हॉट्सअ‍ॅपचा कॅमेरा बाहेरूनच उघडला, की फोटो काढल्यावर तो कुणाला पाठवायचा ते विचारतो. यादीत हाताशी असतात ती नुकतीच बोलणं झालेली नावं. घाईत बोट तिथेच पडतं. मी 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं. फोटो गेला, पण त्या जागी 'मेसेज डिलीट केला' अशी ओळ राहिली, आणि गटातल्या बायका दिवसभर विचारत राहिल्या, "काकू, काय होतं हो?"

त्यातून आजीने स्वतःचा नियम बांधला: आधी आक्काच्या दारात जायचं, मग वाटी उघडायची. म्हणजे आधी आक्काचं नाव उघडायचं आणि तिथल्याच कॅमेऱ्याने फोटो काढायचा. मग तो भलतीकडे जाण्याचा धोका उरत नाही.

तिसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. खाली 'शुभ सकाळ' मात्र माइकचं चिन्ह दाबून, बोलून उमटवलं. फोटोशेजारी एक करडी खूण आली: निघाला. दुसरी येईना. आक्काचा फोन बंद असेल, नाहीतर रेंज नसेल. तिच्या फोनवर पोचल्याशिवाय दुसरी खूण येत नाही. आजीने चहा टाकला, तुळशीला पाणी घातलं, दर दोन मिनिटांनी येऊन बघितलं. साडेसातला दोन खुणा झाल्या. थोड्या वेळाने त्या निळ्या झाल्या. म्हणजे बघितलं.

निळ्या झाल्या न झाल्या तोच फोन वाजला.

"अगं, फूल झकास आहे," आक्का म्हणाली, "पण मागे ती फुटकी बादली कसली? अजून टाकली नाहीस होय?"

आजी पदराने डोळे पुसत हसत सुटली. पुढचा अर्धा तास दोघी बादलीवरच बोलत होत्या.