सागवानी दारातली टपालाची फट

पुण्या-मुंबईतल्या जुन्या इमारतींत फ्लॅटच्या मुख्य दारावर पितळेची आडवी पट्टी दिसते. मध्ये ढकलली की आत उघडणारी झडप आणि तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं ‘लेटर्स’. नव्या इमारतींत टपालाच्या पेट्या खाली जिन्याजवळ असतात, त्यामुळे हे काम सुताराकडे आता क्वचित येतं. आलं की बहुतेक वेळा घाईतच उरकलं जातं. पट्टी कडा झाकणारच आहे, मग आत कसं का कापलेलं असेना, असा हिशेब असतो. पण झडप त्या भोकातच फिरते आणि पाकीट त्याच भिंतींना घासत आत येतं. खडबडीत भोकात झडप अडकते, पाकिटं फाटतात, आणि स्क्रूजवळचं लाकूड एके दिवशी तडकतं.

आधी दार ओळखायला हवं. फळ्यांच्या जुन्या दारात मध्यावर जी रुंद आडवी पट्टी असते, ती या कामाची जागा. तिच्या वरची-खालची फळी पातळ असते, तिथे पट्टी नीट बसत नाही. आडव्या पट्टीची दोन्ही टोकं उभ्या पट्ट्यांत सांध्याने बसवलेली असतात, म्हणून फट टोकांपासून दूर, मध्यभागी पाडायची. फ्लश डोअर असेल तर ते आतून पोकळ आहे का, हे ठोकून पाहावं. पोकळ दारात भोकाच्या चारही बाजूंना लाकडी पट्टी भरल्याशिवाय काहीच टिकत नाही. दार अग्निरोधक असल्याचं लेबल असेल, तर त्याला हातही लावू नये. भोक पाडलं की त्या लेबलाला अर्थ उरत नाही.

जागा ठरवताना कडीचा विचार करावा. फटीतून हात किंवा वाकवलेली तार घालून आतली कडी काढणं चोराला जमतं. ब्रिटनमध्ये घराघरांत अशा फटी असल्याने तिथे फट आणि कुलूप यांत किमान ४०० मिमी अंतर ठेवायला सांगतात. आपल्याकडच्या अरुंद दारात तेवढं अंतर मिळणं कठीण, पण जमेल तितकं ठेवावं. बाहेर सेफ्टी डोअर असेल आणि ते कायम बंद असेल, तर पोस्टमनचा हात इथवर पोचणारच नाही, हेही पाहून घ्यावं.

आता एक उदाहरण. सागवानी दार, जाडी ३८ मिमी, मधली आडवी पट्टी १८० मिमी रुंद. विकत आणलेली पितळी पट्टी २५० मिमी लांब, ७५ मिमी उंच. तिच्या मागे झडप आणि स्प्रिंग मिळून १९४ बाय ४३ मिमी जागा व्यापतात, आणि दोन बोल्टांच्या मध्यांत २२० मिमी अंतर आहे. हे सगळं पट्टी उलटी धरून प्रत्यक्ष मोजायचं; खोक्यावर छापलेल्या मापावर विसंबायचं नाही. झडपेभोवती साधारण तीन मिमी मोकळं सोडलं की भोक होतं २०० बाय ४९ मिमी. ही मोकळी जागा पावसाळ्यासाठी आहे. जूनमध्ये लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात सहज फिरणारी झडप अडकू लागते. दुसऱ्या टोकाला, बोल्टचं भोक आठ मिमीचं घेतलं तरी त्याच्या आणि फटीच्या मध्ये सहा मिमी लाकूड उरतं. हे सहा मिमी जपायचे. करवत तिथे जरा वाहवत गेली की बोल्टला धरायला काही राहत नाही.

दार बिजागऱ्यांवरून उतरवून आडवं ठेवता आलं तर उत्तम. बाहेरच्या अंगावर मास्किंग टेप लावून आडवी मध्यरेषा काढायची आणि बोल्टांचे दोन मध्य खुणावायचे. तिथे तीन मिमीची भोकं आरपार पाडायची, शेजारी गुण्या उभा ठेवून, म्हणजे ड्रिल तिरकं जात नाही. आता दोन्ही अंगांना त्याच दोन भोकांवरून मोजून चौकोन आखता येतो आणि आतली-बाहेरची आखणी एकमेकींशी जुळते. मग गुण्याच्या आधाराने धारदार चाकूने चारही रेषा दोन-तीनदा ओढायच्या, दोन्ही अंगांवर. विशेषतः दोन छोट्या उभ्या रेषा खोल हव्यात, कारण त्या रेषांवर लाकडाचे धागे आडवे कापले जातात. चाकूने धागे आधीच तुटले की पुढे कुठलंही हत्यार वरचा पापुद्रा उचलत नाही. कापाची सफाई इथेच ठरते, यंत्र कितीही भारी असो.

चार कोपऱ्यांत रेषेच्या आत भोकं पाडायची. ड्रिलचं टोक पलीकडे जेमतेम डोकावलं की थांबून उरलेलं भोक दुसऱ्या अंगाने पुरं करायचं. एका दमात आरपार गेलं की बाहेर पडताना ते लाकडाचा लचका तोडतं. मग जिगसॉ. तिचं लांब पातं जाड लाकडात खाली वाकतं. वर रेषेला लागून चाललेली करवत खालच्या अंगाला रेषा ओलांडून गेलेली असते आणि ते कळतं दार उलटल्यावर. म्हणून रेषेपासून दोन मिमी आत कापावं आणि पात्यावर जोर देऊ नये. सागात वाळूसारखा कठीण अंश असतो, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. लाकूड जळाल्याचा वास आला किंवा काप काळा पडू लागला की पातं बदलावं.

उरलेले दोन मिमी पटाशीचे. पटाशी थेट रेषेवर ठेवून हातोडी मारली, तर तिचा उतार तिला मागे रेटतो आणि ती रेषेपलीकडे घुसते. आधी रेषेच्या आतलं लाकूड पातळ सालींनी काढायचं, शेवटची साल चाकूच्या खाचेत पटाशी टेकवून. दोन्ही अंगांकडून मध्यापर्यंतच जायचं. मध्यभागी थोडा उंचवटा राहिला तर तो कानशीने काढावा. बोटाचं टोक भिंतीवरून फिरवलं की कुसळ लगेच कळतं, डोळ्याला ते दिसत नाही. नंतर भोकाच्या आत सीलरचे दोन हात द्यावेत. उघड्या राहिलेल्या कापातूनच लाकूड ओल पितं. फट उघड्यावर, पावसाच्या तोंडाशी असेल तर खालची कड बाहेरच्या बाजूला किंचित उतरती करावी.

पट्टी दर्शनी स्क्रूंची न घेता आतून बोल्ट येणारी घ्यावी. समोरचे स्क्रू बाहेरून कुणीही काढू शकतो. पट्टीच्या मागच्या आटे पाडलेल्या खुंट्या लाकडात शिरतील इतकी बोल्टची भोकं बाहेरून मोठी करायची. बोल्ट बहुधा लांब येतात. ते खुंटीच्या तळाला टेकले की कितीही पिळले तरी पट्टी दाराशी घट्ट येत नाही आणि हाताखाली हलत राहते. अशा वेळी बोल्टवर आधी एक नट चढवावा, मग हॅक्सॉने कापून टोक कानशीने गोल करावं. नट उतरवताना कापलेले आटे आपोआप साफ होतात. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकदम आवळले तर पट्टीला पीळ पडतो आणि झडप एका कोपऱ्यात घासते.

झडप सोडल्यावर स्वतःहून पूर्ण मिटली पाहिजे. मिटत नसेल तर आधी वरच्या कडेला, बिजागरीच्या काडीजवळ, लाकूड लागतंय का पाहावं. तिथला मिलिमीटरभर भाग काढला की बहुतेकदा काम होतं. स्प्रिंग फार कडक असेल तर पोस्टमन पाकीट अर्धवट खुपसून निघून जातो. आतल्या अंगाला झाकणपट्टी बसवताना पितळी स्क्रू थेट सागात पिळू नयेत, त्यांची डोकी तुटतात. बारीक भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर फिरवावा आणि मग पितळी लावावा. आणि घरी दिवाळी अंक टपालाने येत असतील, तर पट्टी विकत घेतानाच मोठी पाहावी. या उदाहरणातल्या फटीतून मोठ्या आकाराचा अंक सपाट जात नाही, तो गुंडाळीच करून ढकलावा लागतो.