बेरोजगारी तीच, महागाई वेगळी

अमेरिकेत मे २०१९मध्ये बेरोजगारीचा दर होता ३.६ टक्के आणि महागाईचा १.८ टक्के. जून २०२२मध्येही बेरोजगारी ३.६ टक्केच होती, पण महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. आणखी वर्षाने बेरोजगारी जागची हलली नव्हती, महागाई मात्र ३ टक्क्यांवर उतरली होती. बेरोजगारीवरून महागाईचं भाकीत करणाऱ्यांची यामुळे चांगलीच पंचाईत झाली.

या भाकिताचं मूळ १९५८ सालचं. ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनची १८६१ ते १९५७ची आकडेवारी मांडून दाखवलं, की बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते. पुढे मजुरीच्या जागी महागाई आली आणि 'फिलिप्स वक्र' रुजला. सत्तरच्या दशकात मात्र बेरोजगारी आणि महागाई दोन्ही एकदम वाढल्या. मग सूत्रात दुरुस्ती झाली: बेरोजगारी तिच्या 'नैसर्गिक' पातळीखाली गेली, की महागाई आहे त्यापेक्षा चढते.

अडचण अशी, की ही नैसर्गिक पातळी कुठेच मोजता येत नाही, तिचा अंदाजच करावा लागतो. नव्वदच्या दशकात ती सहा टक्क्यांच्या आसपास धरली जाई. १९९५ ते १९९८मध्ये बेरोजगारी ५.६ वरून ४.५ टक्क्यांवर आली. सूत्राप्रमाणे महागाई चढायला हवी होती, ती २.८ वरून १.६ टक्क्यांवर घसरली. २००१मध्ये अँड्र्यू ॲटकेसन आणि ली ओहानियन यांनी या वक्राची शर्यत एका अगदी बाळबोध अंदाजाशी लावली: गेल्या वर्षी जितकी महागाई, तितकीच पुढच्या वर्षी. १९८४नंतरच्या काळात वक्राला या अंदाजावर मात करता आली नाही.

मला वाटतं, यात मध्यवर्ती बँकेच्या यशाचाही वाटा आहे. महागाई दोन टक्क्यांच्या आसपासच राहील अशी लोकांची खात्री पटली, की दुकानदार आणि कामगार त्याच हिशेबाने भाव आणि पगार ठरवतात. शिवाय महागाईची चाहूल लागताच बँक व्याजदर वाढवते, त्यामुळे बेरोजगारीचा परिणाम आकड्यांत उमटायच्या आतच पुसला जातो. संबंध असतो, पण दिसत नाही. उलट तेलाचा भडका उडाला किंवा मालाचा पुरवठा अडला, तर महागाई बेरोजगारीला न विचारताच चढते.

जेम्स स्टॉक आणि मार्क वॉटसन यांना दिसलं, की वक्र अधूनमधून कामाला येतो. बेरोजगारी नेहमीच्या पातळीपासून बरीच दूर गेली, साधारण दीड टक्का किंवा अधिक, की त्याचे अंदाज सरस ठरतात; एरवी बाळबोध अंदाज बरा. आता काही अभ्यासक बेरोजगारीऐवजी दर बेरोजगारामागे किती नोकऱ्या रिकाम्या आहेत ते पाहतात. २०१९मध्ये हे प्रमाण सव्वाच्या आसपास होतं, २०२२च्या वसंतात दोनच्या घरात. या मापाने ती दोन वर्षं निदान वेगळी तरी दिसतात.