टार्गेट चुकले, करार संपला. गोदामातल्या मालाचे काय?

समजा, नाशिकच्या एका बिस्किट वितरकाचे तिमाही टार्गेट 30 लाखांचे होते आणि सलग दोन तिमाही विक्री 21 लाखांवर अडकली. करार संपवताना ‘कामगिरी असमाधानकारक’ एवढे लिहून कंपनीचे भागत नाही. नोटिशीत टार्गेटचे कलम, दोन्ही तिमाहींचे आकडे आणि करार संपण्याची तारीख हवी. करारात सुधारणेची मुदत असेल, तर ती आधी द्यावी लागते.

कारण सिद्ध झाले नाही तर? इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात वितरकाचा करार मोडणे चुकीचे ठरले होते. पण विनाकारणही 30 दिवसांच्या नोटिशीने करार संपवण्याची मुभा त्यात होती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एजन्सी परत दिली नाही, फक्त त्या 30 दिवसांची भरपाई दिली. वितरकासाठी हे फार कठोर आहे.

खरा वाद गोदामात पेटतो. माल दोघांनी मिळून मोजावा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात; मुदत संपलेला माल वेगळा काढावा. विक्रीयोग्य माल 6 लाखांचा, डिपॉझिट 1 लाख आणि थकबाकी 4 लाख असेल, तर वितरकाला 3 लाख मिळायला हवेत. मात्र माल परत घेण्याचे कलमच नसेल, तर कंपनी हात वर करू शकते. अशा वेळी नोटीस हाती पडताच नवी ऑर्डर थांबवून, मुदतीतच माल दुकानदारांकडे खपवणे वितरकाच्या हिताचे.