काठावरची दोन मिलिमीटरची चीर

अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात २२ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकी हवाई दलाच्या एका एफ-१११ लढाऊ विमानाचा डावा पंख उड्डाणात तुटला. विमान नवंच होतं, त्याचं एकूण उड्डाण जेमतेम शंभर तासांचं. ज्या सांध्यावर पंख फिरायचा तो डी६एसी नावाच्या अतिशय मजबूत पोलादाचा होता. तपासात कळलं की सांध्याचा तुकडा घडवतानाच त्यात एक दोष राहून गेला होता आणि कारखान्यातल्या तपासण्यांत तो कोणाला सापडला नव्हता. ताकद मोजून निवडलेलं पोलाद एका छोट्या दोषापाशी तुटलं. याच प्रश्नाचं सर्वांत सोपं रूप म्हणजे रुंद पोलादी प्लेट, तिच्या एका काठावर आत शिरलेली चीर आणि त्या चिरेला आडवी ओढणारी ताकद.

कापडाचा दुकानदार काठाला कात्रीने एक टक् देतो आणि मग हाताने सरळ फाडत नेतो. टक् दिलेला नसेल तर तेच कापड त्याच हातांना दाद देत नाही. कापडाचा धागा तोच राहतो, पण हातांचा जोर टकाच्या टोकाशी एकवटतो. प्लेटमध्येही ओढ अशीच चिरेच्या टोकाशी गोळा होते. किती, याचं गणित इंग्लिस यांनी १९१३ मध्ये मांडलं, आणि त्यातून एक पेच उभा राहिला. टोक जितकं अणकुचीदार तितका तिथला ताण जास्त, आणि टोक पूर्ण अणकुचीदार धरलं की तो अनंत होतो. तसं असतं तर कुठलीही चिरलेली वस्तू हात लावताच तुटली असती. म्हणजे टोकावरचा ताण मोजून काही निर्णय घेता येत नाही.

जॉर्ज अर्विन यांनी १९५७ मध्ये वाट काढली. टोकावरचा ताण किती हे विचारण्याऐवजी, टोकाकडे जाताना तो किती जोराने वाढतो हे त्यांनी मोजलं. या जोराला ताण-तीव्रता गुणांक म्हणतात आणि तो K या अक्षराने लिहितात. काठावरच्या चिरेसाठी सूत्र असं:

K = 1.12 σ √(πa)

यात σ म्हणजे चिरेपासून दूर, प्लेटवर सगळीकडे असलेला ताण आणि a म्हणजे काठापासून आत मोजलेली चिरेची खोली. चीर प्लेटच्या मधोमध असती तर १.१२ हा आकडा आला नसता आणि a म्हणून चिरेची निम्मी लांबी घेतली असती. काठाला चिरेचं तोंड उघडंच असतं, त्याला धरून ठेवायला पलीकडे धातू नाही. त्यामुळे ते जास्त फाकतं आणि K साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. मधल्या चिरेची पूर्ण लांबी a म्हणून घेणं किंवा काठावरच्या चिरेची खोली निम्मी करणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि दुसरी चूक जास्त धोक्याची.

आता तपासणी. प्रत्येक धातूचा K सोसण्याचा एक कमाल आकडा असतो, तो प्रयोगशाळेत नमुना तोडून काढतात. त्याला फ्रॅक्चर टफनेस म्हणतात. आपण चिवटपणा म्हणू. K त्याहून कमी असेल तर स्थिर ताणाखाली चीर एकाएकी पसरत नाही, तिथवर पोहोचला की प्लेट तुटते.

४३४० हे मिश्रपोलाद घेऊ. पाणी दिल्यावर ते पुन्हा २६० अंश सेल्सिअसला तापवलं, तर ते कायमचं वाकायला सुमारे १६४० मेगापास्कल ताण लागतो, आणि चिवटपणा असतो ५०. तेच ४२५ अंशांना तापवलं तर ताकद १४२० वर उतरते, पण चिवटपणा ८७ वर चढतो. (चिवटपणाचं एकक मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ.) दोन्ही प्लेटा जाड, रुंद आणि ५०० मेगापास्कल ताणाखाली आहेत, काठावर २ मिलिमीटर खोल चीर आहे असं धरा.

नेहमीच्या हिशेबाने पहिली प्लेट सरस ठरते. तिची ताकद ताणाच्या ३.३ पट, दुसरीची २.८ पट. आता सूत्र वापरू. खोली मीटरमध्ये घ्यायची, म्हणजे ०.००२, इथे मिलिमीटर ठेवले तर उत्तर तब्बल ३२ पट फुगतं. π गुणिले ०.००२ याचं वर्गमूळ ०.०७९, त्याला ५०० ने आणि १.१२ ने गुणलं की K येतो ४४. पहिल्या प्लेटचा चिवटपणा ५०, म्हणजे ती तुटत नाही, पण अगदी थोडक्यात. ताण १५ टक्क्यांनी वाढून ५७५ झाला की K ५१ होतो आणि प्लेट जाते. दुसरीकडे मात्र जवळपास दुप्पट शिल्लक आहे.

हेच सूत्र उलटं फिरवलं की कुठल्या खोलीला प्लेट तुटेल ते कळतं. पहिलीसाठी उत्तर अडीच मिलिमीटर, दुसरीसाठी पावणेआठ. पहिलीत निरीक्षकाच्या हातून अर्धा मिलिमीटर निसटला तरी पुरे. शिवाय K खोलीच्या वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे दुप्पट सुरक्षितता हवी असेल तर चीर निम्मी नव्हे, पाव असावी लागते. पहिल्या प्लेटला त्या हिशेबाने ०.६ मिलिमीटरपेक्षा खोल चीर चालणार नाही. तेवढी बारीक चीर खात्रीने सापडत नसेल, तर माझ्या मते ते पोलाद त्या जागी वापरूच नये, ताकदीचा आकडा कितीही मोठा असो.

हे सूत्र कुठे थांबतं तेही पाहायला हवं. रुंद प्लेट म्हणजे चिरेच्या निदान वीसपट रुंद. चीर रुंदीच्या पाचव्या भागापर्यंत गेली की उरलेली पट्टी वाकू लागते, १.१२ च्या जागी १.३७ येतो आणि जुना आकडा धरून बसणारा धोका कमी लेखतो. दुसरी मर्यादा धातूच्या मऊपणाची. चिरेच्या टोकाशी थोडा धातू कायमचा ताणला जातोच. आपल्या दोन प्लेटांत हा भाग तुटण्याच्या क्षणीही अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतो, म्हणून गणित टिकतं. साध्या बांधकामाच्या पोलादात नेहमीच्या तापमानाला हा भाग चिरेइतका पसरू शकतो. तिथे नुसता K पुरत नाही. उरलेली पट्टी ताणून निकामी होईल का, हेही सोबत तपासावं लागतं. कडाक्याच्या थंडीत मात्र तेच साधं पोलाद ठिसूळ होतं, म्हणून चिवटपणाचा आकडा प्रत्यक्ष वापराच्या तापमानाचाच घ्यायचा. प्लेट वेल्ड केलेली असेल तर वेल्ड थंड होताना आत अडकलेला ताणही σ मध्ये मिळवायचा. तो कधीकधी बाहेरच्या भारापेक्षा मोठा असतो.

एफ-१११ मधला दोष प्लेटच्या आरपार गेलेला नव्हता, पृष्ठभागावरच्या अर्धवर्तुळासारखा होता, आणि तशा दोषाचा K काठावरच्या सरळ चिरेपेक्षा कमी निघतो. तरीही तो पुरला. त्यानंतर १९७० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने नियम बदलला: नव्या विमानाचा आराखडा करताना त्यात चीर आधीपासूनच आहे असं धरायचं आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ती तुटण्याच्या खोलीपर्यंत पोहोचणार नाही हे हिशेबाने दाखवायचं.

तेव्हा एखाद्या टाकीच्या, क्रेनच्या किंवा पुलाच्या तपासणी अहवालात ‘किरकोळ चीर, धोका नाही’ असं वाचलंत, तर तीन आकडे मागा: चिरेची खोली, तिथला ताण आणि त्या पोलादाचा चिवटपणा. यातला एकही नसेल तर तो शेरा स्वीकारू नका.