साठ रुपयांत ऑपरेशन

2003 साली बंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या एखाद्या छोट्या हॉटेलात चार माणसांचा डोसा-कॉफीचा नाश्ता झाला, तर बिल सहज साठ रुपयांच्या आसपास जात असेल. त्याच वर्षी कर्नाटकातल्या सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांना तेवढ्याच पैशांत वर्षभराचा शस्त्रक्रिया-विमा मिळू लागला, अगदी हृदयाच्या ऑपरेशनसह. योजनेचं नाव यशस्विनी. बंगळुरूचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि सरकारनेही तिच्यात पैसे घातले. आधी वैद्यकीय तपासणी नाही, जुना आजार असला तरी हरकत नाही. अशी योजना पहिल्याच वर्षी बुडायला हवी होती.

का, ते आकड्यांत पाहू. समजा, मल्लेश्वरममधल्या शंभर माणसांना कुणी आरोग्यविमा देऊ केला. त्यात पन्नास तरुण आहेत, त्यांचा वर्षाचा अपेक्षित खर्च माणशी 1,000 रुपये. तीस मध्यमवयीन आहेत, त्यांचा 4,000. वीस वृद्ध आहेत, त्यांचा 10,000. शंभर जणांची सरासरी 3,700 येते, म्हणून तेवढा हप्ता ठरतो. निर्धास्त राहण्यासाठी माणूस अपेक्षित खर्चाच्या दीडपट पैसे मोजायला तयार आहे असं धरू. तरुण 1,500 पर्यंत देईल, 3,700 देणार नाही. पन्नास जण बाहेर. उरलेल्यांची सरासरी 6,400. मध्यमवयीन माणसाची तयारी 6,000 पर्यंतच, म्हणून तोही बाहेर. शेवटी वीस वृद्ध आणि 10,000 चा हप्ता उरतो, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना तो परवडतच नाही. इथे कुणीही खोटं बोललेलं नाही, कुणी लबाडी केलेली नाही. प्रत्येकाला स्वतःच्या तब्येतीचा जो अंदाज आहे तो कंपनीला नाही, एवढ्यावरच सगळा बाजार कोसळतो. याला प्रतिकूल निवड म्हणतात, आणि प्रत्येकाच्या शहाणपणातून सगळ्यांचं नुकसान कसं होतं हे बघून मी आजही थक्क होतो.

यशस्विनीने यावर शोधलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. तिचं दार फक्त सहकारी संस्थेच्या सभासदांना उघडं होतं. माणूस दूध संघात किंवा पतपेढीत जातो तो दूध घालायला, कर्ज काढायला. पित्ताशयात खडे आहेत म्हणून जात नाही. म्हणजे विम्याचा गट आजाराशी संबंध नसलेल्या कारणाने आधीच तयार होता. पहिल्या वर्षी असे सुमारे 16 लाख लोक आले.

दुसरा धोका विमा घेतल्यानंतर सुरू होतो. फोनचा विमा असला की स्क्रीनचं कव्हर घ्यायचं राहून जातं. इस्पितळाचं बिल विमा कंपनी भरणार असेल तर ‘अजून दोन दिवस राहू’ असं रुग्णाला वाटतं, आणि डॉक्टरही एखादी तपासणी जास्तीची लिहून देतात. ही नैतिक जोखीम. यशस्विनीने तिला विम्याच्या व्याप्तीतच आवर घातला: मुख्य भर शस्त्रक्रियांवर, प्रत्येकीचा दर आधीच ठरलेला, आणि ऑपरेशनपूर्वी मंजुरी आवश्यक. फुकट आहे म्हणून सर्दीचं औषध कुणीही घेईल, पण छाती उघडून घ्यायला कोण तयार होईल?

तरीही तिसऱ्या वर्षी हप्ता 120 रुपये झाला आणि खरी परीक्षा झाली. दुसऱ्या वर्षी सभासद 20 लाखांच्या आसपास होते, ते 15 लाखांच्या खाली आले. शस्त्रक्रिया मात्र सुमारे 15 हजारांवरून 19 हजारांच्या पुढे गेल्या. माणसं घटली आणि ऑपरेशनं वाढली! हजारी प्रमाण साधारण साडेसातवरून तेराच्या पुढे.

शंभर जणांच्या उदाहरणात दिसली तीच ही गळती आहे, असं लगेच म्हणावंसं वाटतं. निरोगी माणसं गेली असणार, हा माझाही पहिला अंदाज. पण इस्पितळांनी शस्त्रक्रियेचा आग्रह वाढवला असता तरी हेच आकडे दिसले असते. वर्षानुवर्षं हर्नियाचं दुखणं अंगावर काढणाऱ्या शेतकऱ्याला आपण ते आता बरं करून घेऊ शकतो हे कळलं असतं, तरीही हेच. त्या शेवटच्या वाढीला तर दोष म्हणायचं कारणच नाही. योजना त्याच्यासाठीच होती.

ही कारणं वेगळी करायची तर एकूण बेरीज सोडून माणसांचा माग काढावा लागतो. तिन्ही वर्षं टिकून राहिलेले सभासद वेगळे काढायचे. दुसऱ्या वर्षीही त्यांच्यातलं शस्त्रक्रियांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असेल आणि तिसऱ्या वर्षी तेवढंच राहिलं असेल, तर वाढ निवडीतून आलेली. त्याच माणसांचं प्रमाण चढलं असेल, तर वागणूक बदललेली. मग ऑपरेशनांची यादी पाहायची. अपेंडिक्स फुटल्यावर करावं लागणारं ऑपरेशन हप्ता पाहून पुढे-मागे ढकलता येत नाही. मोतीबिंदूचं येतं, हर्नियाचं बहुतेक वेळा येतं. टिकून राहिलेल्यांमध्ये अशीच ढकलता येणारी ऑपरेशनं वाढली असतील, तर ती गरजेची होती की आग्रहाची, हे एकेका रुग्णाचे कागद उघडूनच ठरवावं लागतं.