अतिलवचीक सांधे: दुखतात म्हणून ताणायचे नसतात

अतिलवचीक सांध्यांबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा की, सांधा दुखतो म्हणजे तो आखडलेला आहे आणि ताण देऊन तो मोकळा करावा. हा सल्ला योगवर्गात मिळतो, घरातही मिळतो आणि दुखणे वाढवतो. अशा सांध्यांत हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध मुळातच सैल असतात. सांधा सावरण्याचे काम मग स्नायूंवर पडते. ते सतत आवळलेले राहतात, थकतात आणि ताठर वाटतात. त्यांना ताणताना सांधा त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो आणि आधीच सैल असलेले अस्थिबंधच ओढले जातात.

समजा, 22 वर्षांच्या एका तरुणीचा खांदा माळ्यावर पिशवी ठेवताना सटकतो आणि उभे राहून गुडघे दुखतात. सांध्यांची लवचीकता मोजणाऱ्या बायटन चाचणीत तिचे दोन्ही अंगठे मनगट वाकवल्यावर हाताच्या कोपराखालच्या भागाला टेकतात, दोन्ही करंगळ्या 90 अंशांपलीकडे मागे वळतात आणि दोन्ही गुडघे 10 अंशांहून जास्त मागे जातात. म्हणजे 9 पैकी 6 गुण. वयात आल्यापासून पन्नाशीपर्यंत 5 गुणांपासून अतिलवचीकता धरतात. मात्र हा आकडा म्हणजे निदान नव्हे. या चाचणीत खांदा मोजलाच जात नाही, आणि 9 गुण असूनही काहीच न दुखणारी माणसे असतात.

तिला गरज आहे ती ताकदीची. सुरुवात भिंतीवरच्या पुशअपने, रबरी पट्टा मागे ओढण्याने आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याने करता येते. प्रत्येक हालचाल टोकाच्या थोडी अलीकडे थांबवायची. गुडघा मागे गेला हे तिला आतून जाणवतेच असे नाही, म्हणून आरशासमोर बाजूने उभे राहून तो सरळ रेषेत आहे ना, हे पाहावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले नाही, तरच भार वाढवावा.

‘वजन उचलले तर सांधा निखळेल’ ही भीतीही खरी नाही. डेन्मार्कमध्ये अतिलवचीक खांदे असलेल्या 100 जणांवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 16 आठवड्यांनी जड वजनांचा गट हलक्या व्यायामांच्या गटापेक्षा रोजच्या वापरात सरस ठरला. ते वजन देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने वाढवलेले होते, हे विसरू नये.

योग किंवा भरतनाट्यम सोडण्याची गरज नाही. त्रिकोणासनात गुडघा मागे ढकलून कुलूपबंद करू नये, एवढे पथ्य पुरे. चालणे आणि सायकल सहसा सोसवते. खांदा सटकत असेल, तर पोहताना डोक्यावरून हात फेकण्याचे प्रकार नंतरसाठी ठेवावेत.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दुखणे मनाचे ठरत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी अस्थिबंध घट्ट होत नाहीत. सांध्याला आधार देणारा पट्टा अडीअडचणीला ठीक, पण तो स्नायूंची जागा घेत नाही.

निखळलेला सांधा जागेवर येत नसेल किंवा हात बधिर, थंड पडला असेल, तर घरी ओढाओढ न करता रुग्णालय गाठावे. त्वचा फार ताणली जात असेल, जखमांचे व्रण पातळ, रुंद होत असतील किंवा घरात कुणाची रक्तवाहिनी अचानक फाटली असेल, तर एहलर्स-डॅनलोस विकाराची तपासणी करून घ्यावी.