आईच्या मांडीवरची गुंगी

हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली चार वर्षांची मुलगी आईला सोडत नाही. भूलतज्ज्ञ तिला मिडाझोलाम हे गुंगीचं औषध पाजायचं ठरवतात. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे साधारण 0.5 मिलिग्रॅम. वजन 14 किलो, म्हणून 7 मिलिग्रॅम. मिलिलिटरमागे 2 मिलिग्रॅमचं औषध असेल, तर 3.5 मिलिलिटर.

वीस-तीस मिनिटांत ती शांत होते; झोपेलच असं नाही. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर गुंगी ओसरू लागते.

औषध पोटात गेल्यापासून बोटाला ऑक्सिमीटर हवा, परिचारिकेची नजर हवी. श्वास मंदावू शकतो. काही मुलं उलट चिडतात. तोल जातो, म्हणून मुलाला चालू देऊ नका. घोरण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.